मुलाने विचारलेला शब्द

बुलढाण्याच्या बसस्थानकावर मलकापूरची गाडी लागली की जागेसाठी जी झोंबाझोंबी होते, ती या जिल्ह्यात कोणाला नवी नाही. खिडकीतून आत रुमाल टाकणारा एक असतो, दारातून रेटून आत शिरणारा दुसरा असतो, आणि जागा नेमकी कोणाची याचा निवाडा गाडी राजूर घाटात शिरेपर्यंत होत नाही. अशाच एका भांडणात एका गृहस्थांनी समोरच्या बाईला 'रांड' म्हटले. दोघे-तिघे हसले, एकाने मान दुसरीकडे वळवली, कंडक्टरने घंटी वाजवली आणि गाडी सुटली. पुढच्या बाकावर आईच्या मांडीला टेकून उभा असलेला पहिलीतला मुलगा मात्र त्या शब्दापाशीच थांबला होता. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याने विचारले, "आई, रांड म्हणजे काय?"

हा शब्द येथे टिंबे देऊन छापता आला असता. परंतु जो प्रश्न मुलाने सरळ विचारला त्याला मोठ्यांनी टिंबांनी उत्तर द्यावे, हीच तर या विषयातील मूळ अडचण आहे.

अशा प्रसंगी आपल्याकडे तीन उत्तरे रूढ आहेत. पहिले म्हणजे गालावर चापट. दुसरे म्हणजे हसू. मुलाच्या तोंडी मोठ्यांचा शब्द आला की काही घरांत त्याचे कौतुक होते आणि पाहुण्यांपुढे तो पुन्हा म्हणवूनही घेतला जातो. तिसरे उत्तर सुशिक्षितांचे: "काही नाही, तो एक किडा असतो." चापटीने मुलाला एवढेच कळते की हा शब्द फार ताकदीचा आहे. हसण्यानेही तेच कळते, फक्त बक्षिसाच्या रूपाने. आणि किड्याची गोष्ट शाळेतील दुसरीचा एखादा मुलगा दोन दिवसांत खोटी ठरवतो. त्यानंतर मूल तो शब्द विसरत नाही; विसरते ते घरी विचारणे. यातले काय घडले आहे हे ओळखणे कठीण नाही. शब्द ताकदीचा वाटू लागलेले मूल पुढच्या आठवड्यात तो मुद्दाम उच्चारते आणि उच्चारताना आईच्या चेहऱ्याकडे पाहते. आणि ज्याचा घरावरचा विश्वास गेला आहे, ते मूल तो शब्द फक्त मित्रांत, कुजबुजून वापरते.

या आईने तिन्ही टाळले. भरल्या गाडीत, ती बाई दोन बाकांवर बसलेली असताना उत्तर देणे तिला योग्य वाटले नाही. "तो वाईट रीतीने बोललेला शब्द आहे. त्याचा अर्थ मी तुला घरी गेल्यावर सांगते," एवढेच ती म्हणाली. प्रश्न पुढे ढकलण्यात गैर काहीच नाही. गैर आहे ते ढकलून विसरणे. सहा वर्षांचे मूल रात्रीपर्यंत पुन्हा विचारील म्हणून वाट पाहू नये. आईने आपण होऊन विषय काढला, तर हा चोरून बोलण्याचा विषय नव्हे हे मुलाला न सांगताच कळते.

आता प्रश्न अर्थाचा. शिव्यांमध्ये या शब्दाचे एक वेगळेपण आहे. त्याचा मूळ अर्थ मुलापासून लपवावा असा नाहीच. संस्कृतातील 'रण्डा'पासून आलेल्या या शब्दाचा पहिला अर्थ विधवा. मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशातही तो आहे, आणि 'रंडकी', 'रांडव' हे शब्द जुन्या पिढीच्या बोलण्यात साध्या वर्णनासाठी येत असत. नवरा मेलेली बाई, एवढेच. मग वर्णनाची शिवी कशी झाली? नवऱ्याच्या मागे जिच्या नावावर जमिनीचा तुकडा नाही, जिने पुन्हा लग्न करायचे नाही, आणि जिला दिराच्या किंवा भावाच्या दारात राहावे लागते, तिच्याविषयी काहीही बोलले तरी बोलणाऱ्याला किंमत मोजावी लागत नव्हती. उच्चवर्णीयांतील पुनर्विवाहाची कायदेशीर बंदी १८५६ च्या कायद्याने उठली, तरी रूढी उठली नाही. आणि हिंदू विधवेला वारसाहक्काच्या मालमत्तेवर पूर्ण मालकी मिळण्यास १९५६ साल उजाडावे लागले. निराधार बाईवर संशय घेणे सोपे असते. त्या संशयातून 'विधवा' या अर्थाशेजारी 'बदफैली' हा दुसरा अर्थ येऊन बसला आणि शेवटी त्याने पहिल्याला बाहेर काढले.

हे सांगताना बुलढाण्याच्या माणसाला दूर जावे लागत नाही. येथील डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क असलेल्या बापूजी हरी शिंदे यांच्या कन्या ताराबाई यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक पुण्यात छापून प्रसिद्ध केले. किंमत होती नऊ आणे. सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला १८८१ मध्ये स्वतःच्या नवजात मुलाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे अपिलात ती जन्मठेप काळ्या पाण्याची झाली, आणि वर्तमानपत्रांतून एकूण स्त्रीजातीलाच नावे ठेवण्यास ऊत आला. त्यावरचा संताप म्हणजे ते पुस्तक. जे दुर्गुण बायकांचे म्हणून सांगितले जातात ते पुरुषांत नाहीत काय, हा त्यातील सवाल आहे. पुस्तकावर टीका झाली, तेव्हा जोतीराव फुले यांनी 'सत्सार'मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. पुढे ते विस्मरणात गेले, आणि स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा उजेडात आणले. गाडीतल्या त्या गृहस्थांनी वापरलेल्या शब्दाची चिकित्सा त्यांच्याच गावातील एका बाईने एकशे चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी करून ठेवली आहे, हे त्यांना ठाऊक असण्याची शक्यता कमीच.

अर्थात सहा वर्षांच्या मुलाला ताराबाई सांगायच्या नसतात. त्याला लागतात ती तीन-चार वाक्ये. त्या संध्याकाळी भाकरी थापता थापता आईने ती सांगितली. आधी तिने विचारले, "तुला काय वाटलं, काय अर्थ असेल?" हा प्रश्न वगळू नये. मुलाला जे माहीत आहे त्याच्या पलीकडे किती जायचे हे त्याच्या उत्तरावरून ठरते. "जागा चोरणारी बाई," मुलगा म्हणाला. मग आई म्हणाली, "नाही. जिचा नवरा मेला आहे अशा बाईला पूर्वी तो शब्द म्हणत. अशा बाईला कोणी नाही, तिला काही बोललं तरी चालतं, असं लोकांना वाटायचं. म्हणून कोणाला दुखवायचं असलं की लोक तो शब्द वापरू लागले. त्या काकूंना दुखवायलाच त्या माणसाने तो वापरला. आपण तो कोणाला म्हणायचा नाही. पण कोणताही शब्द कळला नाही तर मला विचारायचा." एवढे सांगून ती थांबली. दुसरा अर्थ मुलाने विचारला नव्हता, तो तिने सांगितला नाही. सांगितलेले सर्व खरे असावे, पण खरे ते सर्व सांगितलेच पाहिजे असे नाही.

खरी कसोटी त्यानंतर लागली. मुलाने क्षणभर विचार केला आणि म्हटले, "आजोबा नाहीत. मग आजी रांड आहे का?"

प्रामाणिकपणाचा आग्रह धरणारे पुष्कळ पालक येथे कोसळतात, आणि त्यात त्यांचा फारसा दोषही नाही. आजी ओसरीवरच बसली होती आणि तिने ऐकले होते. येथे "चूप!" म्हटले असते, तर आधीची सगळी वाक्ये वाया गेली असती, कारण मुलाने अपमान केला नव्हता, त्याला दिलेला नियम त्याने घरातल्या माणसाला लावून पाहिला होता. आई म्हणाली, "आजोबा गेले हे खरं आहे. पण आजी म्हणजे आजी. तो शब्द तिला लावायचा नाही, कारण तो ऐकून तिला दुखेल." त्यावर आजीच बोलली: "मले म्हनला व्हता तो शब्द, बाबू. तुहे आजोबा गेले त्या वर्षी, बांधावरून भांडण झालं तवा. लय दिवस लागला मले." मुलगा तिच्याजवळ जाऊन बसला. तो काही बोलला नाही.

आजीचे हे वाक्य कोणत्याही बालमानसशास्त्राच्या पुस्तकापेक्षा जास्त काम करून गेले, तरी प्रत्येक घरी ते मिळेलच असे नाही. हळदीकुंकवाला जिला बोलावले जात नाही, तिच्यावर आपल्या दुःखाने नातवाला शिकवण्याचीही जबाबदारी टाकणे अन्यायाचे होईल. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाने त्याचा कित्ता इतर गावांपुढे ठेवला. त्या प्रथा घरात चालू ठेवून मुलाला फक्त शब्द टाळायला शिकवणे हे उत्तर अपुरे आहे, आणि मुलाच्या नजरेतून ते सुटतही नाही.

आई-बहिणीवरच्या शिव्यांचे काय, असे विचारले जाईल. तेथे मूळ अर्थ सहा वर्षांच्या मुलाला सांगण्याजोगा नाही हे मान्य. पण त्यासाठी किड्याची गोष्ट रचावी लागत नाही. "कोणाच्या तरी आईच्या शरीराबद्दल घाणेरडं बोललेलं आहे. त्या आईने काही केलेलं नसतं, ती तिथे नसतेही. समोरच्याला राग यावा म्हणून बोलतात," हे उत्तर अपुरे आहे, खोटे नाही. मोठेपणी पूर्ण अर्थ कळेल तेव्हा आईने फसवले असे मुलाला वाटणार नाही. तिने अर्ध्यावर थांबवले होते असे वाटेल.

अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात सौंदाळा नावाचे गाव आहे. तेथील ग्रामसभेने नोव्हेंबर २०२४ मध्ये आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला पाचशे रुपये दंडाचा ठराव केला. ठराव स्तुत्यच आहे. ज्या शिवीला काही किंमत पडत नव्हती तिला किंमत लावणे हा तर्कही बरोबर आहे. मात्र दंडाने मोठ्यांची तोंडे मिटतील. दंड कशाचा, हे त्या गावातील पहिलीचे मूलही घरी येऊन विचारणारच.

बुलढाण्याच्या त्या मुलाने चार दिवसांनी तो शब्द एकदा वापरलाच, दूध सांडणाऱ्या मांजरीला. आईने भांडे उचलता उचलता नेहमीच्या आवाजात विचारले, "तिचा बोका मेला का?" मुलगा म्हणाला, "माहीत नाही." आणि फडके आणायला गेला.