से मे फुए एल त्रेन

नातीने स्पॅनिशच्या वर्गासाठी, आपल्या वयाच्या मुलांकरिता लिहिलेली गोष्ट मला वाचून आणि समजावून सांगितली. माद्रिदच्या अतोचा स्टेशनवर एका मुलीची तोलेदोची शेवटची गाडी चुकते, मोबाईलही बंद पडलेला. बाकावरच्या अनोळखी आजी तिला आपला फोन देतात आणि वडील येईपर्यंत सोबत बसून राहतात. जवळजवळ सगळी गोष्ट संवादातच आहे.

मुलगी म्हणते, "से मे फुए एल त्रेन." नेहमीचे वाक्य "पेर्दी एल त्रेन", शब्दशः 'मी गाडी हरवली'. इथे मात्र गाडीच तिच्या हातून निघून जाते, आपल्या 'माझी गाडी चुकली'सारखी. घाबरलेली पोर असेच बोलेल.

आजी तिला 'तू' म्हणतात (स्पॅनिशमध्येही तो शब्द 'तू'च बरं का!), वर 'इहा', म्हणजे आपले 'पोरी'. मुलगी त्यांना 'उस्तेद', म्हणजे अहो-जाहो करते. शेवटी मात्र जवळीक दाखवायला नातीने तिच्याही तोंडी एकदम 'तू' घातले. मला ते पटले नाही. स्पेनमध्ये हल्ली मुले मोठ्यांनाही सर्रास 'तू' म्हणतात, असे नात सांगते. असेल. पण इतका वेळ 'उस्तेद' म्हणणारी मुलगी बदलली, तर काहीतरी घडायला हवे. आजींनी आधी "तुतेआमे", मला तू म्हण, असे म्हणावे. मग 'आजी फार प्रेमळ होत्या' हे निवेदनातले वाक्य खोडता येईल.

नात अजून कबूल झालेली नाही.