चौदा ऑगस्टची रात्रपाळी

ओव्हरटाइमचा प्रश्न घेऊन येणारे बहुतेक जण थेट दरापासून सुरुवात करतात. डबल द्यायचा की दीडपट, रविवारचा किती, पंधरा ऑगस्टचा किती. आमचा अनुभव उलटा आहे. दराच्या आधीच, म्हणजे तास कोणत्या तारखेच्या रकान्यात पडले तिथेच, हिशेब बिघडलेला असतो. पुढे कितीही बरोबर गुणाकार केला तरी उत्तर चुकते. म्हणून या वेळी एकच आठवडा घेऊ. आकडे सोयीसाठी गोल केले आहेत, घोळ मात्र नेहमीचाच.

दोन पाळ्यांत चालणारा एक यंत्रभाग कारखाना. रात्रपाळी ११ ते सकाळी साडेसात, पहाटे ४ वाजता अर्धा तास जेवण, म्हणजे निव्वळ काम ८ तास. साप्ताहिक सुट्टी रविवारी. आठवडा १० ते १६ ऑगस्ट २०२५, त्यात शुक्रवारी १५ ऑगस्टची भरपगारी सुट्टी. आपला ऑपरेटर शनिवारी, ९ तारखेच्या रात्री कामावर होता आणि रविवारी सकाळी साडेसातला सुटला. ऑर्डर अडली म्हणून त्याला त्याच रविवारी रात्री ११ ला पुन्हा बोलावले. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार तो रोजच्यासारखा आला. फक्त बुधवारी रात्रीची पाळी संपवून तो सकाळी साडेनऊपर्यंत थांबला. शुक्रवारी सुट्टी, शनिवारी रात्री पुन्हा हजर.

हजेरीचे यंत्र मध्यरात्री तारीख बदलते आणि बऱ्याच पगार-सॉफ्टवेअरमध्ये तीच तारीख कामाचा दिवस ठरवते. तसे केले तर गुरुवारी रात्री ११ ला सुरू झालेल्या पाळीचा एक तास १४ ऑगस्टला पडतो आणि उरलेले सात तास १५ ऑगस्टला. मग पत्रकात दिसते की या माणसाने स्वातंत्र्यदिनी सात तास काम केले. शनिवारच्या रकान्यात तर मध्यरात्रीपूर्वीचा एकच तास उरतो आणि पूर्ण पाळी केलेला माणूस तिथे जवळपास गैरहजर ठरतो. टाइम ऑफिसमधला अनुभवी माणूस हे हाताने दुरुस्त करतो. तो रजेवर गेला की त्या महिन्यात तक्रारींची रांग लागते.

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ५७ ने हा प्रश्न तेव्हाच सोडवला होता. पाळी मध्यरात्रीपलीकडे जात असेल तर मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात मोजायचे, आणि त्या कामगाराचा पुढचा दिवस पाळी संपल्यापासून चोवीस तासांचा धरायचा. म्हणजे गुरुवारची पाळी पूर्ण १४ तारखेची. पंधरा ऑगस्टची सुट्टीही त्याच हिशेबाने धरली, तर ती शुक्रवारी सकाळी साडेसात ते शनिवारी सकाळी साडेसात अशी होते आणि ती त्याने पूर्ण उपभोगली. सुट्टीच्या दिवशी काम केल्याचा जादा दर इथे लागत नाही.

हाच नियम रविवारी मात्र मालकाच्या विरुद्ध जातो. ऑपरेटरची साप्ताहिक सुट्टी रविवारी सकाळी साडेसातला सुरू झाली आणि सोमवारी सकाळी साडेसातला संपायला हवी होती. रात्री ११ ला बोलावल्यावर त्याला मिळाले साडेपंधरा तास. ‘रात्री बाराच्या आत तासभरच तर काम झाले, बाकी सोमवारचेच,’ हे सुपरवायझरचे म्हणणे टिकत नाही. ती अख्खी पाळी रविवारची आहे आणि त्या आठवड्याची सुट्टी मोडली आहे.

आता इथे एक गैरसमज दूर करायला हवा. रविवारी काम केले म्हणजे डबल, असे आपल्याकडे कामगारही धरून चालतो आणि एचआरवालाही. कारखाने अधिनियमात रविवारचा वेगळा दर नव्हता. कलम ५९ फक्त दोन गोष्टी विचारत असे: दिवसाला ९ तासांपेक्षा जास्त काम झाले का, आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त झाले का. रविवारचे डबल येते ते करारातून, नेमणूकपत्रातून किंवा वर्षानुवर्षांच्या प्रथेतून, आणि तिथून आले तरी ते बंधनकारकच असते. कायदा रविवारच्या बदल्यात पैसे नाही, सुट्टी देत असे. कलम ५२ प्रमाणे रविवारच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत, रीतसर सूचना लावून, दुसरा पूर्ण दिवस सुट्टी द्यायची. सवलतीच्या आदेशाखाली सुट्टी बुडालीच, तर कलम ५३ प्रमाणे त्याच महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत बदली सुट्टी. ‘पंधरा ऑगस्टला दिली की सुट्टी, तीच रविवारची,’ असे या उदाहरणात म्हणता येत नाही. १० तारखेपासून तीन दिवस मोजले तर १३ तारीख येते. शिवाय ती सुट्टी त्याला वेगळी मिळायचीच होती. तेव्हा सवलतीचा आदेश हाती असेल तर बदली सुट्टी ३१ ऑक्टोबरच्या आत देणे आले. नसेल तर प्रश्न पगाराचा उरत नाही, कलम ५२ च्या भंगाचा होतो, आणि डबल पैसे देऊन तो भंग पुसला जात नाही.

राष्ट्रीय सुट्टीच्या दिवशी प्रत्यक्ष काम करून घेतले तर काय, हा प्रश्न राज्याप्रमाणे बदलतो. तमिळनाडू, केरळ, कर्नाटक या राज्यांनी राष्ट्रीय व सणांच्या सुट्ट्यांचे स्वतंत्र कायदे केले. तमिळनाडूत अशा दिवशी कामाला बोलावलेल्याला दुप्पट वेतन, किंवा वेतन आणि बदली भरपगारी सुट्टी मिळते. महाराष्ट्रातल्या कारखान्यात मात्र आधी आपला वेतनकरार उघडावा लागतो. होसूर आणि चाकण या दोन्ही ठिकाणी युनिट असलेल्यांनी एकच सूत्र दोन्हीकडे चालवू नये.

परत आपल्या आठवड्याकडे. रविवार ८, सोमवार ८, मंगळवार ८, बुधवार १०, गुरुवार ८, शुक्रवार शून्य, शनिवार ८. एकूण ५०. शुक्रवारच्या सुट्टीचा पगार मिळतो, पण ते काम केलेले तास नव्हेत, म्हणून ते ४८ च्या मोजणीत येत नाहीत. बुधवारी ९ तासांवर एक तास जादा आहे आणि आठवड्यात ४८ वर दोन तास. या दोन्हींची बेरीज करून तीन तास देण्याची चूक आम्ही पाहिली आहे, आणि फक्त रोजचा एक तास देऊन आठवड्याकडे पाहायचेच नाही ही चूक त्याहून जास्त वेळा पाहिली आहे. बुधवारचा तास आठवड्याच्या दोन तासांत आलाच आहे. देय ओव्हरटाइम दोन तास. गंमत अशी की तो रविवारी आला नसता, तर आठवडा ४२ तासांचा झाला असता आणि बुधवारचा फक्त दहावा तास डबल ठरला असता. नववा तास कायद्याच्या हिशेबात एकेरी दराचा होता. अनेक कारखाने आठ तासांनंतर लगेच डबल धरतात, ती त्यांची प्रथा.

आता दर. ऑपरेटरचा महिन्याचा पगार असा: मूळ वेतन १०,४०० रुपये, महागाई भत्ता ६,२४०, घरभाडे भत्ता ५,२००, प्रवास भत्ता २,०८०, धुलाई भत्ता १,०४०. एकूण २४,९६०. महिन्याचे २६ दिवस आणि दिवसाचे ८ तास, म्हणजे २०८ ने भागले की तासाला १२० रुपये येतात. कलम ५९ मधला ‘वेतनाचा सामान्य दर’ म्हणजे मूळ वेतन आणि कामगाराला मिळणारे भत्ते. त्यातून बोनस आणि ओव्हरटाइम तेवढे वगळलेले होते. तेव्हा डबल म्हणजे तासाला २४० आणि दोन तासांचे ४८०. केवळ मूळ वेतनावर डबल काढणारे तासाला १०० देतात. भागाकार ३० ने करणारे २४० ऐवजी २०८ वर येतात, कारण ते पगारी कामाच्या दिवसांत चार सुट्ट्या मिसळतात. २६ हा आकडा कलम ५९ मध्ये लिहिलेला नव्हता, पण ग्रॅच्युइटीच्या हिशेबात तो कायद्यातच आहे आणि वेतन संहितेच्या केंद्रीय मसुदा नियमांतही रोजाला २६ ने गुणून महिना आणि ८ ने भागून तास, हेच सूत्र घेतले आहे.

हे सगळे भूतकाळात लिहिले, कारण २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि कारखाने अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. काही गोष्टी कामगाराच्या बाजूने स्पष्ट झाल्या. दिवसाचे काम ८ तासांचे ठरले. ओव्हरटाइम रोजच्या हिशेबाने मोजायचा की आठवड्याच्या, तर कामगाराला जे फायद्याचे असेल ते, असे कलम २७ मध्येच आले. ओव्हरटाइमला कामगाराची संमती लागेल, हेही तिथेच. दर दुप्पटच राहिला. पण दुप्पट कशाची, ते उत्तर बदलले, आणि याची चर्चा आम्हाला कुठे फारशी दिसत नाही.

संहितेतले ‘वेतन’ म्हणजे मूळ वेतन, महागाई भत्ता आणि असल्यास रिटेनिंग भत्ता. घरभाडे, प्रवास वगैरे बाहेर. बाहेर ठेवलेली रक्कम एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली तर वरचा भाग वेतनात परत धरायचा. आपल्या ऑपरेटरचे बाहेरचे भत्ते ८,३२०, म्हणजे एक तृतीयांश. निम्म्याची मर्यादा ओलांडली जात नाही, त्यामुळे काही परत येत नाही. वेतन १६,६४०, तासाला ८०, डबल १६०. त्याच दोन तासांचे आता ३२०. पन्नास टक्क्यांच्या नियमाने सगळ्यांचा ओव्हरटाइम वाढेल असे जे बोलले जाते, ते मूळ वेतनावरच ओव्हरटाइम देणाऱ्या, भत्ते फुगवलेल्या कारखान्यांपुरते खरे. जिथे आधीच कायद्याप्रमाणे सर्व भत्त्यांवर दिला जात होता, तिथे संहितेचा किमान आकडा खाली येतो.

म्हणून सॉफ्टवेअरमधला दर लगेच १६० करावा का? आमचे मत स्पष्ट आहे: नाही. त्याच व्याख्येचे एक परंतुक सांगते की वेतन अदा करण्याच्या प्रयोजनासाठी प्रवास आणि घरभाडे भत्ता हिशेबात धरावा. त्याच्या आधारे तासाला ११५ आणि डबल २३० असा दावा कामगाराचा वकील करू शकतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जो कारखाना वर्षानुवर्षे २४० देत आला आहे तिथे तो दर सेवाशर्तीचा भाग झालेला असतो आणि अनेकदा करारात लिहिलेलाही असतो. तो कमी करायचा तर बदलाची रीतसर नोटीस, युनियनशी बोलणी, हा रस्ता आहे. व्हेंडरने पाठवलेला ‘कोड अपडेट’ बसवून ऑगस्टमधले ४८० डिसेंबरमध्ये ३२० झाले, तर तो फरक पगारपत्रकावर कामगाराला पहिल्याच महिन्यात दिसतो.

पडताळा सोपा आहे. पगारपत्रकावरची ओव्हरटाइमची रक्कम ओव्हरटाइमच्या तासांनी भागा आणि येणाऱ्या दराला १०४ ने गुणा. महिन्याच्या २०८ तासांचे ते निम्मे आहेत, म्हणून डबल दरातून थेट महिन्याची पायाभूत रक्कम मिळते. उत्तर १०,४०० आले तर फक्त मूळ वेतनावर चालले आहे, १६,६४० आले तर मूळ वेतन आणि महागाई भत्त्यावर, २४,९६० आले तर पूर्ण पगारावर. यातले काहीच जुळले नाही तर आधी भागाकार ३० ने झाला आहे का ते पाहा. तोही नसेल तर हजेरीच्या पत्रकात रात्रपाळीच्या रकान्यांकडे वळा आणि कुठल्या तारखेला एकच तास लागला आहे ते शोधा.