ओवीचा चौथा चरण कोण खातं?

मागच्या शनिवारी सोनईला घरी गेलो होतो. जवळच्या एका वस्तीवर सप्ताह बसलेला. आई म्हणाली, "चल, पारायणाला बसू." बसलो. पत्रिकेवर सकाळी ८ ते ११ पारायण असं छापलेलं. १० वाजता पोथ्या बांधून झाल्या आणि सगळे चहाला उठले. सगळे खूश. मी सोडून.

इंजिनिअर माणूस, लगेच हिशेब केला. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे ९०००. सात दिवसांत संपवायच्या तर रोज साधारण १२८६. तीन तास दिले तर एका ओवीला आठ सेकंदांहून थोडं जास्त मिळतं. दोन तासांत उरकलं तर साडेपाच.

आता साडेपाच सेकंदांत काय होतं ते बघा. खालची ओवी मीच जुळवली आहे, कवी म्हणून माफ करा:

पाऊस आला रानावर
ओल उतरली दूरवर
बैल उभे बांधावर
वाट पाहती

पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि बिनयमकाचा. या ओवीत ३२ अक्षरं आहेत. निवांत, कळेल असं म्हणायचं तर सेकंदाला पाचेक अक्षरं, म्हणजे साडेसहा सेकंद. आठ सेकंदांच्या चौकटीत दीड-दोन सेकंद उरतात, आणि श्वास तिथंच घ्यायचा असतो. चौथा चरण आखूड आहे म्हणून तिथं जागा आपोआप सापडते. साडेपाच सेकंदांत मात्र श्वासाला जागाच नाही. पण माणूस श्वास घेतल्याशिवाय राहत नाही, मग तो चोरतो. तिसऱ्या चरणाचं यमक जोरात म्हणतो आणि चौथ्यावर गप्प बसून हवा भरून घेतो. पुढची ओवी सुरू झाली की पुन्हा सामील!

खरं वाटत नसेल तर मंडपाच्या मागं उभं राहून फक्त चौथा चरण ऐका. तिथं आवाज निम्म्यावर येतो. यमक मात्र दणदणीत. आणि ओवीचं क्रियापद, म्हणजे वाक्याचा जीव, बऱ्याचदा याच चौथ्या चरणात असतो. वर 'वाट पाहती' काढून टाका. बैल नुसते उभे.

भरीला माईकवाले मामा. त्यांना एको लावल्याशिवाय चैन पडत नाही. सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यानं आवाज परत येत असेल तर दीडेक अक्षर मागचं पुढच्यावर चढतं. शेवटी जी थोडी शांतता उरली असती ती कर्ण्यानं भरून टाकली.

दुसरी गडबड उलट्या दिशेची. एखाद-दोघे हळू म्हणतात, पण प्रत्येक ओवीच्या शेवटी आवाज खाली टेकवतात, पूर्णविराम दिल्यासारखा. ज्ञानदेवांचा दृष्टांत एका ओवीत संपेलच असं नाही. 'जैसा' एकीकडे आणि 'तैसा' चार ओव्या पुढं असू शकतो. तोवर आवाज टांगता ठेवायला हवा: श्वास घ्या, पण सूर खाली आणू नका. नाहीतर ऐकणाऱ्याला चार सुटे दाखले मिळतात आणि ते कशाचे हे कळतच नाही.

आणि हा ग्रंथ मुळात समोरच्याला सांगितलेला आहे हो! आपल्याच तालुक्यात, नेवाशाला, शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये. ज्ञानदेव बोलले, सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतलं. नववा अध्याय उघडून बघा. सुरुवातीलाच ते श्रोत्यांकडे लक्ष मागतात. आमच्या मंडपात त्या ओव्याही माना पोथीत घालून, त्याच वेगात गेल्या. लक्ष मागितलं ते कुणाकडं? तिथं तरी व्यासपीठ चालकांनी मान वर करावी, समोर बघावं, एक श्वास थांबावं. म्हणायच्या त्या ओव्या पाठच असतात त्यांना.

हे सगळं चहाच्या वेळी अण्णांना (नात्यानं चुलते, तीस वर्षांचे वारकरी) बोललो. ते म्हणाले, "पुण्याहून दोन दिवसांसाठी येतो अन् आम्हाला वाचायला शिकवतो व्हय? हे काय तुमचं कविसंमेलन हाये? पारायण नेमासाठी करायचं. अर्थ कीर्तनात सांगतेत महाराज."

अण्णांचं निम्मं मला मान्य आहे. शंभर माणसं एका सुरात म्हणतात तेव्हा जे होतं ते एकट्याच्या वाचनात होत नाही. कुणी नाटकी हातवारे करावेत असंही माझं म्हणणं नाही. ते तर त्याहून वाईट. पण नेमात तीन तास ठरले होते ना? मग एक तास कुणी खाल्ला? वेळ नाही ही सबब तीन दिवसांच्या पारायणाला शोभेल. तिथं रोज ३००० ओव्या येतात, आठ सेकंदांनी म्हटलं तर पावणेसात तास लागतात. सात दिवसांवाल्यांना ही सबब नाही.

आणि अर्थ कीर्तनावर सोडला तरी शब्द तर कानावर पडायला हवेत. माझी आजी अंगठाबहाद्दर. तिला बाराव्या अध्यायातल्या कितीतरी ओव्या येत होत्या, त्या सगळ्या मंडपात बसून, ऐकून पाठ झालेल्या. चौथ्या चरणासकट. परवा आईला विचारलं, आज काय ऐकलंस? ती म्हणाली, "चाल ऐकली बाबा."

अण्णांनी पुढच्या सप्ताहात एक दिवस मला पुढं बसवायचं कबूल केलंय, एको बंद करून. ११ च्या आत संपवलं तर चहा माझ्याकडून.