दुरुस्तीच्या आडून आलेले नियम

या आठवड्यात एकच निरोप निरनिराळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांतून फिरत माझ्यापर्यंत आला. क्रोम अपडेट झालं की जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन बंद पडतं, म्हणून विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन क्रोमची अपडेट सेवा कायमची बंद करा, असं त्यात लिहिलं होतं. कुठे क्लिक करायचं त्याचे स्क्रीनशॉटही जोडले होते. हा उपाय करून बसलेल्यांत एका पतसंस्थेचे हिशेब पाहणारे गृहस्थ आहेत, आणि ज्या संगणकावर तो केला त्याच संगणकावर संस्थेचं नेटबँकिंग चालतं. मला त्यांचा राग आला नाही. त्यांचं रोजचं साधन कुणीतरी न विचारता बंद केलं आणि त्यांनी हाताशी आला तो उपाय केला. राग आला तो ज्यांनी ही पाळी आणली त्यांचा.

आधी हा उपाय धोक्याचा का, ते सांगतो. क्रोमचा गाभा म्हणजे क्रोमियम, आणि त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. सुरक्षेतली एखादी फट सापडली की ती बुजवणारा बदल आधी त्या खुल्या कोडमध्ये जातो, तिथे तपासला जातो, आणि काही दिवसांनी तयार ब्राउझरमधून आपल्याकडे पोचतो. मधल्या काळात तो बदल जगात कुणीही वाचू शकतं. फटीची माहिती गूगल काही काळ गुप्त ठेवतं, पण कोणती ओळ बदलली हे पाहून मूळ फट ओळखणं जाणकार हल्लेखोराला अवघड नसतं. म्हणजे इलाज जाहीर झालेला असतो आणि आपल्या मशीनवर मात्र अजून जुनंच दुखणं असतं. गूगलच्याच हिशेबाने २०१९ मध्ये क्रोम ७७ येण्याआधी हे अंतर सरासरी ३५ दिवसांचं होतं. दर दोन आठवड्यांनी दुरुस्त्या पाठवायला लागल्यावर ते १५ दिवसांच्या आसपास आलं. ऑगस्ट २०२३ मध्ये क्रोम ११६ पासून त्या दर आठवड्याला येऊ लागल्या. अपडेट सेवा बंद करणारा माणूस हे अंतर स्वतःच्या हाताने अमर्याद करून घेतो.

पण एक्स्टेंशन मोडतात ती या साप्ताहिक दुरुस्त्यांमुळे क्वचितच. मोडतात ती दुसऱ्याच मालामुळे. दर चार आठवड्यांनी मोठी आवृत्ती येते (२०२१ पर्यंत ती सहा आठवड्यांनी यायची). तिच्यात नव्या सोयी असतात, जुन्या सोयी काढलेल्या असतात, आणि एक्स्टेंशनने कसं वागायचं याचे बदललेले नियमही असतात. दुरुस्ती आणि नियमबदल एकाच रस्त्याने, एकाच बटणाखाली येतात. एकाला नाही म्हटलं की दुसराही जातो.

यावर ब्राउझरवाले सांगतात की तंत्रज्ञान पुढे जायचं तर जुनं मोडणारच. हे मला पटत नाही, कारण जुनं न मोडता पुढे कसं जायचं हे त्यांच्याइतकं कुणालाच येत नाही. त्याचा नमुना २०१८ चा आहे.

त्या वर्षी जावास्क्रिप्टमध्ये एक छोटी सोय यायची होती. यादीच्या आत याद्या असतील तर त्या उलगडून एक सरळ यादी करून द्यायची. नाव ठरलं होतं `flatten`. फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत ती घालून पाहिली, तर हवामानाची एक जर्मन साइट बिघडली. शोध घेतल्यावर कारण सापडलं मूटूल्समध्ये. ही २००६ च्या सुमाराची लायब्ररी. नव्या साइट ती वापरत नव्हत्या, पण जुन्या पानांत ती अजून होती. मूटूल्सने स्वतःचं `flatten` त्याच जागी, त्याच नावाने ठेवलेलं होतं, आणि कामही जवळपास तेच करत होतं. मग बिघडलं काय? मूटूल्स यादीवर आपल्या मेथड बसवते आणि नंतर एक लूप फिरवून त्या सगळ्या आपल्या दुसऱ्या एका ऑब्जेक्टवर उतरवून घेते. ब्राउझरच्या अंगच्या मेथड अशा लूपला दिसत नाहीत. `flatten` हे नाव ब्राउझरने आधीच घेतलेलं असल्यामुळे, मूटूल्सने त्यावर आपली मेथड लिहिली तरी ती न दिसणारीच राहिली. ती उतरली नाही आणि पान अडलं.

एवढ्या बारीक कारणावर काय व्हावं? भाषेचं प्रमाण ठरवणाऱ्या टीसी३९ या समितीने नाव बदललं. मे २०१८ मध्ये `flatten` चं `flat` झालं. बऱ्याच जणांनी तेव्हा म्हटलं की जुन्या लायब्ररीसाठी सगळ्या जगाने दुय्यम नाव का वापरायचं, मोडू द्या ती पानं. समितीने ऐकलं नाही. त्या पानांचे मालक कोण, ते हयात आहेत का, त्यांना कोड दुरुस्त करता येईल का, हे कुणालाच माहीत नव्हतं. ज्याला कळवता येत नाही त्याचं मोडायचं नाही, ही वेबची शिस्त आहे आणि ती मला मनापासून थोर वाटते.

आता क्रोममधल्या एक्स्टेंशनचं काय झालं ते पाहा. जाहिराती अडवणारी जुनी एक्स्टेंशन `webRequest` नावाच्या सोयीवर चालत. पान एखादं चित्र किंवा स्क्रिप्ट मागवायला निघालं की ब्राउझर थांबायचा आणि एक्स्टेंशनला विचारायचा: जाऊ देऊ का? एक्स्टेंशन तिथल्या तिथे ठरवायचं. मॅनिफेस्ट व्ही३ या नव्या नियमावलीत हा अधिकार काढला. एक्स्टेंशनने नियमांची यादी आधीच ब्राउझरच्या हवाली करायची आणि निर्णय ब्राउझरने करायचा, ही `declarativeNetRequest` पद्धत. पक्की हमी एका एक्स्टेंशनला ३० हजार नियमांची. त्यापलीकडचा साठा सगळ्या एक्स्टेंशनांनी वाटून घ्यायचा. ‘यूब्लॉक ओरिजिन’सारखं एक्स्टेंशन प्रसंग पाहून ठरवायचं. तसं आधी लिहून ठेवलेल्या यादीत पुरतं बसवता येत नाही, म्हणून त्याच्या कर्त्याने ‘लाइट’ नावाचं वेगळं, कमी ताकदीचं एक्स्टेंशन काढलं.

गूगलने कारणं दिली वेगाची आणि खाजगीपणाची. वेगाचं मी मान्य करतो. खाजगीपणाचं अर्धंच खरं आहे. नव्या नियमांतही, वापरणाऱ्याने परवानगी दिली तर, एक्स्टेंशन तुमच्या विनंत्या पाहू शकतं. फक्त तिथल्या तिथे ठरवून अडवू शकत नाही. ज्याला पाळत ठेवायची आहे त्याची वाट खुली राहिली आणि ज्याला अडवायचं आहे त्याची अरुंद झाली. ज्या कंपनीचं उत्पन्न जाहिरातींवर उभं आहे तिने असा नियम करावा, यात मला योगायोग दिसत नाही. पुरावा मागाल तर माझ्याकडे नाही, पण मत हेच आहे.

नियम कडक करायला खरी कारणंही होती, हे म्हणायलाच हवं. एक्स्टेंशन तुमचं बँकेचं पान वाचू शकतं, साधी वेबसाइट वाचू शकत नाही. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे लोकप्रिय एक्स्टेंशन मूळ कर्त्याने दुसऱ्याला दिलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलला ते घातक म्हणून बंद करावं लागलं. तेव्हा नियम बदलू नका, असं माझं म्हणणं नाही. ते दुरुस्तीच्या आडून आणू नका, एवढंच आहे.

या स्तंभाच्या जुन्या वाचकांना माझी ही मागणी पाठ असेल: दोन्हींच्या वाटा वेगळ्या करा. हे अशक्य नाही. १४ नोव्हेंबर २०१७ ला फायरफॉक्स ५७ आलं आणि त्याने जुनी सगळी एक्स्टेंशन एका दिवसात निकालात काढली. तो घाव क्रोमपेक्षा मोठा होता. जुनी एक्स्टेंशन थेट ब्राउझरच्या पोटात हात घालत, त्यामुळे आतलं काही हलवलं की कुणाचं ना कुणाचं मोडायचं, आणि मोझिलाला आतलं हलवायचंच होतं. पण फायरफॉक्सची ईएसआर नावाची शाखा आहे, जिच्यात वर्षभर फक्त दुरुस्त्या येतात. ईएसआर ५२ वर असलेल्याला सप्टेंबर २०१८ पर्यंत जुनी एक्स्टेंशन आणि सुरक्षा दोन्ही मिळत राहिलं. ती शाखा कुणालाही फुकट उतरवून घेता येत होती, आजही येते. क्रोमने सवलत ठेवली ती संस्थांच्या धोरणातून, जून २०२५ पर्यंत. घरच्या वापरकर्त्यांची जुनी एक्स्टेंशन ऑक्टोबर २०२४ पासूनच टप्प्याटप्प्याने बंद होत गेली. मग क्रोम १३९ मध्ये ती सवलतही संपली. प्रत्येक दुरुस्ती दोन शाखांत बसवायला मेहनत पडते, हे खरं. मोझिलाला ती परवडते, मग गूगललाही परवडायला हवी.

तोवर, एक्स्टेंशन बंद पडलं तर अपडेटला हात लावण्याआधी `chrome://extensions` उघडा. एक्स्टेंशन करडं झालंय आणि आता चालणार नाही अशी सूचना दिसते, तर ते नियमांनी गेलं. त्याच्या कर्त्याची नवी आवृत्ती किंवा दुसरा ब्राउझर, एवढेच मार्ग. ते बंद आहे पण चालू करताना नवी परवानगी मागतंय, तर ब्राउझरचा दोष नाही. एक्स्टेंशनच अपडेट झालंय आणि जास्त अधिकार मागतंय. परवानगी देण्याआधी ते आता कुणाच्या मालकीचं आहे ते पाहा. आणि चालू दिसतंय, क्लिक केल्यावर क्षणभर काम करतं आणि थोड्या वेळाने सगळं विसरतं, तर बहुधा कर्त्याने नव्या नियमांत केलेलं स्थलांतर कच्चं आहे. नव्या पद्धतीत एक्स्टेंशनचा मागे चालणारा भाग साधारण ३० सेकंद निष्क्रिय राहिला की ब्राउझर तो बंद करतो. तोवरची माहिती साठवून ठेवली नसेल तर ती जाते. हे कर्त्याला नेमक्या शब्दांत कळवा, त्याला दुरुस्त करता येतं.

आणि बंद पडलेलं एक्स्टेंशन रागाने काढून टाकू नका. बंद असताना त्याचा साठा संगणकावर तसाच राहतो, काढलं की पुसला जातो. नोंदी, याद्या, स्वतः बसवलेले नियम त्यात असतील तर ते एक्स्टेंशन चालू असतानाच निर्यात करून घ्या, कारण करड्या झालेल्या एक्स्टेंशनचं सेटिंगचं पानही उघडत नाही.