नंबर तुमचा, नाव दुसऱ्याच्या फोनबुकातलं

अनोळखी नंबरवरून फोन आला की स्क्रीनवर नाव उमटावं म्हणून आपल्या चळवळीतल्या बहुतेक पोरापोरींच्या मोबाईलमध्ये ट्रूकॉलर किंवा त्याच जातीचं एखादं ॲप असतंच. त्याला कारणही आहे. एखाद्या प्रकरणात निवेदन दिलं, पीडित कुटुंबासोबत पोलीस ठाण्यात जाऊन बसलं, की रात्री-अपरात्री फोन सुरू होतात. तेव्हा समोरचा कोण आहे हे कळणं आपल्या सुरक्षिततेचा भाग असतो. त्यामुळे "ॲप काढून टाका" एवढं सांगून मोकळं होणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. ते नाव येतं कुठून, आणि त्याची किंमत कोण भरतं?

आधी साधी गोष्ट समजून घेऊ. फोन वाजला तेव्हा टेलिकॉम कंपनीकडून तुमच्या मोबाईलला फक्त नंबर मिळतो. ॲप तो नंबर इंटरनेटवरून आपल्या सर्व्हरला पाठवतं, तिथल्या साठ्यात शोधतं आणि सापडलेलं नाव रिंग वाजत असतानाच तुमच्या स्क्रीनवर आणून ठेवतं. या सगळ्या कामाला तुमच्या फोनबुकची गरज नाही. जे ओळखीचे आहेत त्यांची नावं मोबाईल स्वतःच दाखवतो, आणि जे अनोळखी आहेत ते तुमच्या फोनबुकात नसतातच. मग ॲप "Contacts" ची परवानगी कशासाठी मागतं? ओळखीचा कोण, अनोळखी कोण हे वेगळं करायला, डायलर म्हणून काम करायला, बॅकअप घ्यायला, ही कारणं खरी आहेत. पण या धंद्याचं मूळ भांडवल म्हणजे तो साठा, आणि तो साठा भरायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे लोकांनी आपापल्या मोबाईलमध्ये जपून ठेवलेली नावं.

ट्रूकॉलर 2009 साली स्वीडनमधल्या स्टॉकहोममध्ये सुरू झालं आणि आज त्याची सर्वात मोठी बाजारपेठ भारत आहे. गुगलच्या प्ले स्टोअरच्या नियमानुसार लोकांची खासगी संपर्कयादी त्यांच्या परवानगीविना उघड करायला मनाई आहे, आणि प्ले स्टोअरवरून घेतलेलं आमचं ॲप शोधासाठी फोनबुक उचलत नाही, असं कंपनी सांगते. तिची बाजूही मांडली पाहिजे म्हणून हे लिहिलं. पण याच कामाची इतर ॲप ढिगाने आहेत, आणि व्हॉट्सॲपवर कुणीतरी पाठवलेल्या फाईलवरून ॲप टाकणारे आपल्यात कमी नाहीत. तिथे प्ले स्टोअरचा नियम पोचत नाही. शिवाय ॲप वापरणारा माणूस एखाद्या नंबरसाठी स्वतः नाव सुचवू शकतो, ती वाट वेगळीच.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू. समजा जामखेड तालुक्यातल्या एका गावात आपली एक ताई आहे. घरी शिलाई मशीन चालवते. तिच्याकडे साधा बटणाचा फोन आहे, तिने कुठलंही ॲप कधी टाकलेलं नाही. गावातल्या वीस बायकांनी तिचा नंबर "शिलाई ताई" म्हणून सेव्ह केलाय. बचत गटाच्या सचिवबाईंनी पूर्ण नाव आणि आडनावासकट. किराणा दुकानदाराने वस्तीच्या जुन्या नावासकट, म्हणजे कसं ते तुम्हाला सांगायला नको. आणि ती एका ॲट्रॉसिटी प्रकरणात साक्षीदार आहे म्हणून एका कार्यकर्त्याने "साक्षीदार ताई, ॲट्रॉसिटी" असं लिहून ठेवलंय. यातल्या फक्त तिघांनी आपलं फोनबुक कुठल्यातरी ॲपला दिलं, तरी त्या सर्व्हरवर एकाच नंबरखाली तीन पाट्या जमा होतात. यातली कोणती दाखवायची हे ॲपचं गणित ठरवतं. साधारणपणे जास्त लोकांनी वापरलेलं आणि माणसाच्या नावासारखं दिसणारं नाव पुढे येतं. उरलेल्या पाट्या पुसल्या जात नाहीत, त्या साठ्यातच राहतात. आणि गेटकॉन्टॅक्टसारखी ॲप तर एखादा नंबर लोकांनी कोणकोणत्या नावांनी जपलाय ती यादीच "टॅग" म्हणून दाखवतात.

ताईने परवानगी दिली होती का? तिला कुणी विचारलंच नाही. "Allow" वर बोट कार्यकर्त्याने ठेवलं, आणि एका बोटासरशी त्याच्या मोबाईलमधली हजार-दीड हजार माणसं त्या ॲपपुढे उघडी पडली. अँड्रॉइडमध्ये फोनबुकची ही परवानगी आजवर सगळी किंवा काहीच नाही अशीच वापरली गेली आहे. मित्र द्या पण साक्षीदार वगळा, असं त्या खिडकीत लिहिलेलं नसतं.

दुसऱ्यांच्या फोनबुकात माणूस किती उघडा पडतो हे पाहायचं तर रशियाकडे बघा. विरोधी नेते नवाल्नी यांच्यावर 2020 मध्ये विषप्रयोग झाला. बेलिंगकॅट या शोधपत्रकारांच्या गटाने संशयित हेरांचे नंबर ओळखताना जी साधनं वापरली, त्यात असली ॲपही होती. हेरांनी स्वतःचं नाव कुठे दिलं नव्हतं. त्यांच्या ओळखीच्यांनी दिलं होतं. तिथे हा उपयोग सत्तेच्या विरोधात झाला म्हणून आपल्याला बरं वाटेल. पण सरकारी हेरांची ही गत, तर आपल्या वस्तीतल्या साक्षीदाराची काय?

आणि हे आपल्या जिल्ह्यात बोलतोय. एप्रिल 2014 मध्ये खर्ड्यात शाळकरी मुलाचा खून झाला. त्या खटल्यात अनेक साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर 2017 मध्ये आरोपी निर्दोष सुटले. मे 2015 मध्ये शिर्डीत बाबासाहेबांवरच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून एका दलित तरुणाला जीव गमवावा लागला. यातल्या कशातही नाव दाखवणाऱ्या ॲपचा हात होता असं आम्ही म्हणत नाही. आमचं म्हणणं एवढंच, की या जिल्ह्यात साक्षीदाराची ओळख ही जिवाशी खेळ असलेली माहिती आहे, आणि मोबाईलमधून जात कळणं म्हणजे काय हे शिर्डीने दाखवलेलं आहे.

अत्याचार प्रतिबंधक कायद्यात 2015 च्या दुरुस्तीने कलम 15अ आलं, ते 26 जानेवारी 2016 पासून लागू झालं. पीडितांचे आणि साक्षीदारांचे हक्क त्यात आहेत. साक्षीदाराचं नाव-पत्ता आदेशात, निकालात, लोकांना पाहता येणाऱ्या कागदात लपवण्याचा आणि त्याची ओळख उघड न करण्याचा आदेश देण्याचा अधिकार विशेष न्यायालयाला आहे. हे कलम मिळवायला चळवळीला वर्षानुवर्षं झगडावं लागलं. वकिलाने न्यायालयात अर्ज करून ज्या साक्षीदाराची ओळख झाकायची, तिच साक्षीदार कार्यकर्त्याच्या फोनबुकातून "साक्षीदार" या पाटीसकट बाहेर जाणार असेल, तर त्या अर्जाला काय अर्थ उरला?

जातीची पाटी हा यातला दुसरा भाग. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा ही नावं जाऊन समतानगर, भीमनगर अशी यावीत, असं ठरलं. कागदावर नाव बदललं. दुकानदाराच्या फोनबुकात मात्र जुनंच राहिलं, आणि ते फोनबुक ॲपला गेलं की जुनी पाटी गावाबाहेरही फिरू लागते. धम्म घेऊन आपण गावाने दिलेली ओळख नाकारली. इथे ती ओळख न विचारता परत चिकटवली जाते. पुण्यात खोली भाड्याने शोधणाऱ्या आपल्या मुलाने मालकाला फोन केला की "हॅलो" म्हणायच्या आधी आडनाव पोचलेलं असतं. त्याचा परिणाम काय होतो हे आमच्या वाचकांना आकडेवारीने समजावण्याची गरज नाही.

यावर कायदा आहे का? 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यानंतर 18 महिन्यांची मुदत दिली आहे. या कायद्यात माणसाने घरगुती, वैयक्तिक कामासाठी ठेवलेली माहिती वगळली आहे. म्हणजे दुकानदाराने फोनमध्ये काय लिहावं यावर कायदा बोलत नाही. पण ती माहिती कंपनीने उचलली की सूट संपते, कारण कायद्यात संमती द्यायची असते ती ज्याची माहिती आहे त्याने. ताईचा नंबर ही ताईची माहिती. कार्यकर्त्याचा "Allow" तिच्या वतीने चालणार नाही, असं आमचं वाचन आहे, आणि हे वाचन आपल्या वकील मित्रांनी तपासून पुढे न्यावं.

तोवर हातात काय आहे? अँड्रॉइडवर Settings > Apps मध्ये ते ॲप उघडा, Permissions > Contacts इथे "Don't allow" करा. इथे एक मेख आहे: यापुढचं वाचन थांबतं, आधी गेलेलं परत येत नाही. आपलाच नंबर ट्रूकॉलरच्या साठ्यातून काढायचा तर आधी खातं बंद करावं लागतं आणि मग truecaller.com/unlisting या पानावर +91 लावून नंबर भरावा लागतो. ज्याने ॲप कधी वापरलंच नाही त्यालाही हे करता येतं. त्यामुळे ताईचा नंबर तिला विचारून, तिच्याच समोर बसून काढून द्या. मात्र हे एका ॲपपुरतं झालं, दुसऱ्याच्या साठ्यात तिचा नंबर असेल तर तिथे वेगळा अर्ज. काही ॲप परवानगी नाकारली की पुढेच सरकू देत नाहीत. धमक्यांमुळे ॲप हवंच असेल तर एखाद्या जुन्या हँडसेटवर, रिकाम्या फोनबुकासह ठेवा आणि संशयित नंबर तिथे टाकून शोधा. नंबर ओळखण्याचं काम तेवढ्यात भागतं.

फिर्यादी, साक्षीदार, आंतरजातीय लग्न करून घर सोडलेली जोडपी यांचे नंबर मोबाईलमध्ये ठेवूच नयेत असं आमचं मत आहे. कागदी वही पुरते. ठेवावेच लागले तर पाटीत प्रकरण, जात, वस्ती, गाव यातलं काही नको. आणि एका कार्यकर्त्याने हे पाळून भागत नाही, कारण तोच नंबर संघटनेतल्या आणखी पाच जणांकडे असतो. तालुक्याच्या बैठकीत पाचही मोबाईल टेबलावर ठेवून परवानग्या तपासायला अर्धा तास पुरे.

आता सरकारी व्यवस्थाही येते आहे. ट्रायने 23 फेब्रुवारी 2024 ला शिफारस केली की सिमकार्डाच्या अर्जातलं नाव फोन करताना समोरच्याला दिसावं. ऑक्टोबर 2025 मध्ये ही सोय सर्वांना आपोआप लागू ठेवायची, नको असेल त्याने बंद करून घ्यायची, असं दूरसंचार विभाग आणि ट्राय यांच्यात ठरलं. फोनबुक चोरण्याची गरज यात उरत नाही आणि फसवणुकीच्या फोनला आळा बसू शकतो, हे मान्य. पण अर्जातलं नाव म्हणजे आडनावासकट पूर्ण नाव. सिम नवऱ्याच्या नावावर असेल तर बाईच्या फोनवर नवऱ्याचं नाव. आडनाव वगळून नाव दाखवण्याचा पर्याय प्रत्येक ग्राहकाला द्या, आणि तो बंद करायची सोय मराठीत, साध्या बटणाच्या फोनवरूनही चालेल अशी ठेवा, ही मागणी आपल्या संघटनांनी ट्रायकडे लेखी करावी. निवेदनाचा मसुदा करायला आम्ही बसतो आहोत, ज्यांना हात लावायचा आहे त्यांनी आपल्या तालुका शाखेत नाव द्यावं. जय भीम.