चार केबीचं भूत

परवा शनिवारी शीळफाट्याला उतरलो ते भाडेकराराची प्रिंट काढायला. घरचा प्रिंटर नेहमीप्रमाणे रुसलेला, कागद संध्याकाळपर्यंत मालकांना हवा. नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्या काकांना पेन ड्राईव्ह दिला. त्यांनी लावला, आणि एकाच नावाच्या दोन फायली दिसल्या: `Karar.pdf` आणि तिच्या वर `._Karar.pdf`. काकांनी अर्थातच वरची उघडली. 'फाइल खराब आहे' असा मेसेज.

"साहेब, व्हायरस आहे. फॉरमॅट मारू का?"

नको!! म्हटलं, काका, थांबा, खालची उघडा. खालची व्यवस्थित उघडली, प्रिंट निघाली. पण काकांचा चेहरा सांगत होता की हा माणूस आपल्या कॉम्प्युटरला रोग लावून चाललाय. खरं तर चूक त्यांची नाही. शॉर्टकट करणाऱ्या व्हायरसने एके काळी लोकांचे फोल्डर लपवून ठेवायचे, तेव्हापासून बऱ्याच झेरॉक्सवाल्यांनी विंडोजमधली लपवलेल्या फायली दाखवायची सोय कायमची चालू ठेवलीय. मॅक FAT32 पेन ड्राईव्हवर या फायलींना 'लपलेली' अशी खूण लावतो खरा, पण ज्याने पडदाच काढून टाकलाय त्याच्यापुढे ती खूण काय करणार?

आता हे भूत नक्की आहे काय? मॅकमध्ये फाइलच्या मजकुराशिवाय तिला काही चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात. रंगाचा टॅग, 'ही इंटरनेटवरून आली आहे' ही नोंद, वगैरे. मॅकच्या स्वतःच्या डिस्कवर या चिठ्ठ्यांना जागा असते. पेन ड्राईव्हच्या FAT32 मध्ये ती नसते. मग मॅक त्या सगळ्या एका वेगळ्या फाइलीत भरतो आणि मूळ नावापुढे ठिपका आणि अंडरस्कोर लावतो. या पद्धतीचं नाव ॲपलडबल. ही १९८० च्या दशकात ॲपलच्या ए/यूएक्स या युनिक्ससाठी निघाली, म्हणजे माझ्याहून वयाने मोठी! फाइल बहुतेक वेळा बरोबर ४०९६ बाइट्सची असते. एक्स्टेन्शन मात्र मूळचंच, म्हणून विंडोज तिला पीडीएफचा आयकॉन देतो आणि काका फसतात.

व्हायरस आहे की हे, ते ओळखणं सोपं आहे. नोटपॅडमध्ये उघडा. कचऱ्यासारख्या अक्षरांत सुरुवातीलाच `Mac OS X` दिसेल.

घरी येऊन मी तेच केलं, आणि इथे मला घाम फुटला. थोडं खाली `com.apple.quarantine` होतं, ठीक आहे. पण त्याखाली `kMDItemWhereFroms`, आणि त्याच्या शेजारी मी ती फाइल जिथून डाउनलोड केली तो अख्खा पत्ता! करार ज्या साइटवरून उतरवला तिची लांबलचक लिंक, साध्या डोळ्यांनी वाचता येईल अशी. अशा लिंकमध्ये कधी कधी फाइल उघडायची किल्लीसुद्धा असते. पीडीएफ मी काकांना स्वतःहून दिली होती, ही चिठ्ठी नाही.

म्हणून माझं मत असं, की याला 'कचरा' म्हणणं बंद करावं. कचऱ्यात कोणी माझा पत्ता लिहून ठेवत नाही. टॅग दुसऱ्या मॅकवर पोचावेत म्हणून ॲपलने ही सर्कस केली, हे मला पटतं. पण डाउनलोडचा पत्ता परक्या पेन ड्राईव्हवर न विचारता पाठवायचं कारण मला तरी सापडत नाही. फाइंडरने निदान तेवढी चिठ्ठी घरीच ठेवायला हवी.

तोवर फाइंडरने ड्रॅग करण्याऐवजी टर्मिनलमधून कॉपी करा. `-X` म्हणजे चिठ्ठ्या नेऊ नकोस:

```
cp -X ~/Downloads/Karar.pdf /Volumes/KAAM/
```

`KAAM` हे माझ्या पेन ड्राईव्हचं नाव, तुमचं तुम्ही घाला. आधीची भुतं विंडोजवर अशी जातात (E च्या जागी तुमचं अक्षर):

```
del /s /a:h "E:\._*"
```

मूळ फाइल शाबूत राहते, फक्त चिठ्ठ्या जातात. एक गोची आहे. पेन ड्राईव्हवरचीच फाइल पुन्हा मॅकवर उघडलीत, तर 'शेवटची कधी वापरली' अशी नवी चिठ्ठी लागते आणि भूत परत हजर. म्हणून कॉपी केली की लगेच इजेक्ट. नेटवर `DSDontWriteUSBStores` नावाची एक सेटिंग सगळीकडे सुचवतात, पण ती फक्त `.DS_Store` थांबवते. ती फाइल वेगळी, फोल्डरमधले आयकॉन कुठे मांडलेत ते लक्षात ठेवणारी. ठिपका-अंडरस्कोरवाल्यांना तिचा काही फरक पडत नाही.

पुढच्या शनिवारी काकांकडे पुन्हा जायचंय, कराराच्या दुसऱ्या प्रतीसाठी. या वेळी पेन ड्राईव्हवर एकच फाइल असेल. काका तरी स्कॅन मारतीलच म्हणा.