चाळीस तास कुणाचे?

मागच्या महिन्यात एका मित्राचा फोन आला. नागपूरच्या हातमाग प्रदर्शनात त्यांच्या गटाचा स्टॉल होता, चंद्रपूर आणि गडचिरोलीकडच्या कोसा साड्यांचा. फलकांसाठी घोषवाक्ये हवी होती. "तू लिहितोस ना, जरा चटपटीत दे. विणकरांची मेहनत दिसली पाहिजे." नमुने त्याने आधीच पाठवले होते. 'तुमची एक साडी, त्यांचे चाळीस तास.' 'प्रत्येक धाग्यात घाम.' 'योग्य भाव, विणकराचा सन्मान.'

मित्रांनो, ही वाक्ये आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे वाचली आहेत. ७ ऑगस्टला, म्हणजे हातमाग दिनी, तर त्यांचा पूर येतो. माझी हरकत भाषेवर नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडे दर आठवड्याला टाइमशीट भरावी लागते आणि तिच्यात तास लिहिले की दुसऱ्या रकान्यात तासाचा दर येतोच. दर नसलेले तास ग्राहकाकडे बिल म्हणून जात नाहीत. मग विणकराचे तास दराशिवाय फलकावर कसे चढतात? चाळीस तास राबला हे मोठ्या अक्षरांत सांगायचे आणि त्याबद्दल त्याला किती मिळाले हे सांगायचे नाही, याला मी सन्मान म्हणणार नाही.

मित्राला म्हटले, आधी मला हिशेब दे. हिशेब त्याच्याकडे नव्हता. म्हणून एका रविवारी आम्ही नागभीडच्या बाजूला एका विणकर काकांकडे गेलो. घरात खड्ड्याचा माग. सूत व्यापारी देतो, काका विणून देतात, मजुरी साडीमागे. साध्या काठाच्या एका कोसा साडीला त्यांना १५०० रुपये मिळतात. "तासं कोन मोजते जी? साडी उतरली का पैसे," काका म्हणाले. मग आम्हीच मोजायला बसलो.

मागावर पाच दिवस, रोज आठ तास. झाले चाळीस. फलकावरचा आकडा इथूनच आला होता. १५०० भागिले ४०, म्हणजे तासाला साडेसदतीस रुपये आणि आठ तासांचे ३००. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर २०२५-२६ साठी ३१२ रुपये रोज होता. फार अंतर नाही, असे म्हणून आम्ही उठणारच होतो.

तेवढ्यात काकू मागच्या खोलीतून कांड्यांची टोपली घेऊन आल्या. धोट्यात जी कांडी बसते, तिच्यावर आडवा धागा चरख्याने गुंडाळून ठेवावा लागतो. काका विणत असतात तेव्हा ते कांड्या भरत नसतात. ते काम काकूंचे, रोज साधारण दोन तास. पाच दिवसांचे दहा झाले. त्याआधी ताणा लावायचा, त्याला खळ द्यायची, जुन्या ताण्याचे टोक नव्याशी एकेक धागा धरून सांधायचे. हे काम चार-पाच साड्यांसाठी एकदाच होते आणि त्याला घरातली सगळी लागतात. एका साडीच्या वाट्याला सहा तास धरले. बेरीज छप्पन्न झाली.

आता १५०० ला ५६ ने भागा. तासाला जेमतेम २७ रुपये, आठ तासांचे २१४. म्हणजे हातात कसब असलेल्या घराला अकुशल मजुराच्या हमी दरापेक्षा रोज जवळपास शंभर रुपये कमी. फलकावर चाळीस लिहिले तर मजुरी बरी दिसते. ती बरी दिसते, कारण काकूंचे तास त्यात नाहीत.

ही एका घराची गोष्ट आहे, पण काकू एकट्या नाहीत. २०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेत विणकर आणि त्यांना साहाय्य करणारे मिळून ७० टक्क्यांहून जास्त स्त्रिया निघाल्या. तीच गणना सांगते की सुमारे दोन तृतीयांश विणकर कुटुंबांचे उत्पन्न महिन्याला ५००० रुपयांच्या आत आहे. माझ्या आजोळी कामठीला हातमाग होता. नानांना सगळे 'कारीगर' म्हणायचे. नानी आयुष्यभर कांड्या भरत राहिली, तिला त्या कामाचे काहीच नाव नव्हते. आपल्यातल्या मोमीन घरांतून आलेल्या किती जणांना ही नानी आठवेल!

तासांची दुसरी गंमत अशी की ते स्थिर नसतात. चंद्रपूरकडचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. कोरड्या हवेत धागा ठिसूळ होतो, पुन्हा पुन्हा तुटतो, आणि प्रत्येक तुटीला माग थांबवून गाठ मारावी लागते. खड्ड्यात थोडी ओल राहते, तेवढाच आधार. पावसाळ्यात उलटे, खळ दिलेला ताणा वाळत नाही आणि खड्ड्यात पाणी झिरपते. काका म्हणाले, मेमध्ये त्याच साडीला सात दिवसही लागतात. मजुरी मात्र १५००च. म्हणजे फलकावरचे तास वाढले तर ग्राहक जास्त भारावतो आणि विणकराचा तासाचा दर घसरतो. घोषवाक्याला हा विरोधाभास दिसतच नाही.

कुणी म्हणेल, स्टॉलवर हँडलूम मार्क आहे, सिल्क मार्क आहे, मग शंका कशाला? ते शिक्के कामाचे आहेत. यंत्रमागाचा माल हातमागाचा म्हणून खपवण्याला आणि भेसळीच्या रेशमाला त्यांनी अडसर होतो. पण पहिला सांगतो की कापड हाताने विणले आहे, दुसरा सांगतो की रेशीम शुद्ध आहे. विणणाऱ्याला काय मिळाले, हे दोन्हींपैकी एकही सांगत नाही. 'योग्य भाव' हा शब्द तर कुणीही छापावा, त्याला शिक्काही लागत नाही.

मित्राचा आक्षेप वेगळा होता. "७५०० ची साडी आणि १५०० मजुरी असे लिहिले तर लोक आम्हालाच लुटारू म्हणतील." त्याचे अगदीच चूक नाही. उरलेल्या पैशांत सूत आहे, रंग आहे, गाडीभाडे, स्टॉलचे भाडे, न खपलेला माल आहे. तेही लिहा की! पण निदान मजुरी रोहयोच्या दरावर आणायला किती लागते, ते पाहा. ३१२ म्हणजे तासाला ३९. छप्पन्न तासांचे २१८४. फरक ६८४ रुपयांचा. ७५०० च्या साडीवर नऊ टक्के. प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी याहून मोठी सूट हे लोक स्वतःहून देतात. आणि ३९ हा काही योग्य भाव नव्हे, ती जमीन आहे. पाच दिवस ताण सांभाळणाऱ्या हाताचा दर तिच्या वरच असायला हवा.

मित्राला आणखी एक वाक्य हवे होते: 'जंगलातल्या कोशापासून तुमच्यापर्यंत हजार तास.' ते मी नाकारले. ढिवर कुटुंबे ऐनाच्या झाडांवर अळ्या सोडतात, पाखरांपासून आणि मुंग्यांपासून राखतात, पण त्यांचे पीक कोशांच्या नगावर विकले जाते. तिथे तासांचा आकडा नुसता अंदाज ठरेल. त्यांच्यासाठी शेकडा कोशांना काय भाव दिला, ते लिहावे. जे मोजले नाही ते शोभेला टांगू नये.

शेवटी मी एकच फलक लिहून पाठवला:

'ही साडी: मागावर ४० तास, कांड्या आणि ताणा १६ तास. घराला मजुरी ____ रुपये. तासाला ____.'

मित्राने पेंटरकडे दिला आहे. रिकाम्या जागांत काय भरायचे, यावर त्यांच्या गटाची बैठक शुक्रवारी आहे. काकूंनाही बोलवा, असे मी कळवले आहे.